तीन मिनिटं, एक बल्ब आणि एक दार: छोट्या लघुपटात व्यक्तिरेखेचा आलेख कसा बांधायचा

तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. नाव आणि श्रेयनामावली यांना दहा-पंधरा सेकंद गेली की गोष्टीला जेमतेम १६५ उरतात. मी लघुपटांचं संकलन करते. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या लघुपटांत एक गोष्ट फार वेळा दिसते: पात्रातला बदल शेवटच्या दहा सेकंदांत चेहऱ्यावर उमटवायचा प्रयत्न. पात्र खिडकीबाहेर बघतं, संगीत चढतं, डोळे भरून येतात. आपल्याला एवढंच कळतं की आत काहीतरी हललं. काय हललं, ते कळत नाही.

संकलनाच्या टेबलावर ही चूक दुरुस्त होत नाही, कारण तिचं मूळ पटकथेच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात असतं. शेवटी पात्र वेगळं वागलं हे कळायला आधी ते कसं वागत होतं हे दिसलेलं असावं लागतं. तीन मिनिटांत हे दाखवायची सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे एकच प्रसंग दोनदा आणायचा, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, आणि दुसऱ्या वेळी पात्राला वेगळं वागायला लावायचं. या दोन टोकांच्या मधे इच्छा आणि अडथळा असतात. ते कसे बसवायचे, हे एका गोष्टीवर काम करत बघू. गोष्ट साधी आहे: एक खोली, दोन नट्या, एक बल्ब.

आधी शेवट लिहा

सुमन, वय ५८, आयुष्यात पहिल्यांदा एकटी राहायला आली आहे. तिच्यात होणारा बदल मी कागदावर एका वाक्यात लिहिला: "कुणाचीही मदत न घेणारी सुमन मदत मागते." हे वाक्य अजून कॅमेऱ्याच्या कामाचं नाही. म्हणून लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: हे एका कृतीत कसं दिसेल? इथे ती कृती दाराची आहे. सुरुवातीला शेजारची मुलगी "काकू, काही मदत करू का?" असं विचारते आणि सुमन "नको गं, जमेल मला" म्हणून दार लावून घेते. शेवटी तीच सुमन ते दार स्वतः उघडून शेजारी जाते.

कागदावरचं वाक्य कृतीत उतरत नसेल तर बदल तीन मिनिटांसाठी मोठा आहे असं समजा. "वडिलांना माफ करते", "स्वतःला ओळखते" असे बदल दीड तासाच्या चित्रपटाला पेलतात. तीन मिनिटांत माणूस पूर्ण बदलत नाही. त्याची एक सवय एकदा मोडते, आणि ती मोडताना आपण जवळून बघतो. एवढंच नीट झालं तर पुरेसं असतं.

इच्छा: हातात धरता येईल अशी

सुमनला काय हवं आहे? माझ्या पहिल्या खर्ड्यात उत्तर होतं, "नव्या घरात रुळायचं आहे." हे खरं असलं तरी चित्रित करता येत नाही. रुळली की नाही हे कोणत्या शॉटवरून ठरवणार? इच्छा अशी हवी की ती पुरी झाली की नाही हे प्रेक्षकाला आवाज बंद असतानाही सांगता यावं. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात आला बल्ब. छताला रिकामा होल्डर आहे आणि तिच्या हातात बल्ब आहे. दिवा लागला तर जमलं, नाही लागला तर नाही.

पण नुसत्या बल्बने भागत नाही. आज नाही लागला तर उद्या लागेल, बिघडलं काय? इच्छेला मुदत लागते आणि मुदतीमागे कारण लागतं. इथे ते फोनवरच्या एका निरोपात बसतं. सुमन मुलाला आवाजी निरोप पाठवते: "सात वाजता व्हिडिओ कॉल कर. घर दाखवते तुला." सगळी मिळून चार सेकंदं. त्यात वेळ ठरली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिची आतली इच्छाही आली: आपलं एकटीने छान चाललंय हे तिला मुलाला दाखवायचं आहे. बाहेरची इच्छा बल्बची, आतली इच्छा सिद्ध करण्याची. ही दोन्ही एकाच वस्तूत गुंफली गेली म्हणून पुढे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही इच्छा पडद्यावर ४० व्या सेकंदापर्यंत पूर्ण स्पष्ट झालीच पाहिजे. सामान उतरवणं, जिने चढणं, घराकडे बघत उभं राहणं हे सगळं लिहायला छान वाटतं आणि त्यात अर्धं मिनिट कधी जातं ते कळत नाही. गोष्ट दारातूनच सुरू करा.

अडथळ्याने पात्राचंच वर्म गाठावं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक लघुपटांत अडथळा असतो, पण तो कुणालाही आडवा आला असता असा असतो: पाऊस, बंद पडलेली गाडी, हरवलेली किल्ली. असा अडथळा ओलांडला की इच्छा पुरी होते, पात्र मात्र होतं तिथेच राहतं. ल्युमिए बंधूंनी १८९५ मध्ये दाखवलेल्या, मिनिटभराहून छोट्या एका चित्रफितीत माळी बागेला पाणी घालत असतो. मागून एक पोरगा नळीवर पाय ठेवतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोरगा पाय काढतो. माळी चिंब होतो, मग पोराला पकडून चोप देतो. इच्छा आहे, अडथळा आहे, गंमतही आहे, आणि हे सगळं एका मिनिटाच्या आत मावतं. आलेख मात्र नाही, कारण अडथळ्याने माळ्याला स्वतःबद्दल काही ठरवायला लावलं नाही. आपल्याकडे जी वाढीव दोन मिनिटं आहेत ती त्या ठरवण्यासाठी आहेत.

सुमनचा बाहेरचा अडथळा उंचीचा आहे. स्टूलवर चढूनही होल्डर चार बोटं वर राहतो. पण उंची हा तर भौतिक प्रश्न झाला. तो तिच्या स्वभावाशी जोडायचा तर असं करावं लागतं की उंचीवर तिच्यापुढे एकच उपाय उरावा आणि तो नेमका तिला नकोसा असावा. स्टूलवर पुस्तकांचा खोका ठेवला तर हात पोचतो, पण मग स्टूल डगमगतं. बल्ब दाबून फिरवायचा असतो, त्यामुळे वरचा हात अडकतो आणि दुसऱ्या हाताला धरायला काही नाही. म्हणजे खाली स्टूल धरायला कुणीतरी हवं. इथे अडथळा आणि स्वभाव एकमेकांत अडकले.

आता पळवाटा शोधा. प्रेक्षक तुमच्यापेक्षा हुशार असतो आणि त्याला सोपा उपाय दिसला की तो गोष्टीतून बाहेर पडतो. "टेबल का नाही ओढत?" "दुसऱ्या खोलीतला दिवा लावून तिथून कॉल कर ना!" असे जितके प्रश्न सुचतील तितके कागदावर लिहा आणि प्रत्येकाला चित्रातच उत्तर द्या. इथे घर रिकामं आहे. एकच खोली, खोके आणि एक स्टूल. हे एका वाइड शॉटमध्ये दिसतं आणि निम्म्या पळवाटा बंद होतात. संवादातून खुलासा देण्याचा मोह होतो ("सामान उद्या येणार आहे ना…"), पण खुलासा ऐकला की प्रेक्षकाला लेखकाची अडचण दिसायला लागते.

एक अडथळा पुरतो, पण तो वाढला पाहिजे. मी दोनच प्रयत्न ठेवते. नीट दिसायला एका प्रयत्नाला पंचवीस-तीस सेकंद लागतात आणि तिसऱ्याला जागा नसते. पहिला प्रयत्न फसतो तेव्हा तिला कळतं की हे वाटलं तितकं सोपं नाही. दुसरा फसतो तेव्हा ती पडता पडता वाचते, बल्ब छातीशी धरून स्टूलवरच खाली बसते, आणि खिडकीतला उजेड जवळजवळ गेलेला असतो. दोन्ही प्रयत्नांत फरक हवा. पहिल्यात ती हरते ती उंचीपुढे, दुसऱ्यात आधार नसल्यामुळे. दोन्ही एकाच कारणाने फसले तर एक काढून टाका. प्रेक्षकाला ते पुनरावृत्तीसारखं वाटेल आणि गोष्ट तिथेच ढेपाळेल.

निवड: दोन गोष्टी एका चौकटीत

अंधार पडला आहे. फोन वाजतो. मुलाचा व्हिडिओ कॉल. आता सुमनपुढे दोन रस्ते आहेत. फोन उचलायचा, कॅमेरा बंद ठेवायचा आणि "सगळं झालं, छान आहे घर" म्हणायचं, म्हणजे जुनी सुमन. किंवा फोन वाजू द्यायचा आणि शेजारच्या दारावर टकटक करायची.

निवड अशी दोन दिसणाऱ्या गोष्टींमधली असली की नटीला चेहऱ्याने फार काही करावं लागत नाही. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी एकाच चेहऱ्याच्या शॉटला वेगवेगळी चित्रं जोडून दाखवलं होतं की प्रेक्षक चित्राप्रमाणे त्याच चेहऱ्यावर वेगवेगळी भावना वाचतो. इथे तेच कामाला येतं: खोक्यावर थरथरणारा फोन, सुमनचा चेहरा, दाराच्या फटीतून येणारा बाहेरचा उजेड, परत चेहरा. नटीला मी सांगेन, "रडू नकोस, फक्त आधी फोनकडे बघ, मग दाराकडे." या चार शॉट्सना वीस सेकंद लागू दे. आख्ख्या लघुपटात घाई करायची नाही अशी जागा एकच असते, आणि ती ही.

महत्त्वाचं म्हणजे निवडीची किंमत दिसली पाहिजे. ती फोन उचलत नाही, तो वाजून वाजून थांबतो. तिने मुलाला दिलेली वेळ चुकली. मदत मागताना तिने काही गमावलंच नाही तर तो निर्णय फुकटचा वाटतो.

मग दार, शेजारची मुलगी आणि एकच वाक्य: "जरा स्टूल धरतेस?" बल्ब शेजारच्या मुलीने लावायचा नाही. ती खाली स्टूल धरते आणि सुमनच हात वर करून बल्ब बसवते. माझ्या खर्ड्यात आधी उंच मुलगी येऊन चटकन लावून जात होती. वाचल्यावर लक्षात आलं की त्याने गोष्टीचा अर्थच फिरतो आणि सुमन असमर्थ ठरते. ती समर्थच आहे, तिला फक्त आधार हवा होता. अशा ठिकाणी कृती नेमकी कोण करतं यावर अर्थ अवलंबून असतो, म्हणून शेवटची कृती नेहमी मुख्य पात्राच्या हातात ठेवा.

सेकंदांचा हिशोब

लिहून झाल्यावर मी कागदावर वेळ मांडते. या गोष्टीचा हिशोब साधारण असा बसतो. सुरुवातीपासून ०:२२ पर्यंत दारातला प्रसंग. ०:४२ पर्यंत मुलाला निरोप, रिकामा होल्डर आणि खोक्यातला बल्ब. १:०८ पर्यंत पहिला प्रयत्न, १:४० पर्यंत दुसरा. २:१५ पर्यंत अंधार, फोन आणि निवड. २:३८ पर्यंत दोघींनी मिळून बल्ब बसवणं, २:५० पर्यंत शेवटचं दार. उरलेली दहा सेकंदं नावांची. चित्रपटाचं नाव मी पहिल्या शॉटवरच टाकते, त्यासाठी वेगळी काळी पाटी नाही.

पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा ढोबळ हिशोब इथे फसवतो, कारण यात संवाद जवळजवळ नाहीत. "सुमन खोका उचलून स्टूलवर ठेवते" ही एक ओळ पडद्यावर दहा सेकंद घेते. म्हणून घड्याळ लावून स्वतः करून बघा. खरोखर खोका उचला, ठेवा, हात वर करा. मी करून बघितलं तेव्हा दुसरा प्रयत्न लिहिल्याप्रमाणे पाऊण मिनिट चालत होता. खोका रिकामा करण्याचा भाग काढला तेव्हा तो जागेवर आला.

चित्रीकरणात सांभाळायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे दाराची जोडी. सुरुवातीचं आणि शेवटचं दार एकाच जागेवरून, एकाच लेन्सने आणि ट्रायपॉडच्या एकाच उंचीवरून घ्या. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी जमिनीवर टेप लावा आणि दोन्ही शॉट्स होईपर्यंत काढू नका. चौकट तंतोतंत तीच राहिली की प्रेक्षकाचा डोळा फक्त बदललेलं टिपतो: तेव्हा दार लागलं होतं, आता उघडं आहे. कॅमेरा हातभर सरकला तरी ही तुलना विरते.

दुसरी म्हणजे उजेड. गोष्टीची मुदत खिडकीतल्या उजेडावर चालते आणि खरी तिन्हीसांज तुमच्यासाठी थांबणार नाही, ती अर्ध्या तासात आटोपते. खिडकीला बाहेरून कापड लावा, बाहेर एक दिवा ठेवा आणि उजेडाच्या तीन पायऱ्या ठरवा: दिवस, कलता उजेड, अंधार. मग पटकथेचा क्रम सोडून त्या पायऱ्यांच्या क्रमाने चित्रीकरण करा. दिवसाचं सगळं आधी, अंधाराचं सगळं शेवटी. यात गोची एवढीच की शेवटचं दार अंधाराच्या पायरीत येतं, म्हणून तो टेप संध्याकाळपर्यंत जपावा लागतो.

डगमगणारं स्टूल खरं डगमगू देऊ नका. तो प्रसंग तुकड्यांत घ्या. पायांचा क्लोजअप जमिनीलगत, खोका स्टूलवर न ठेवता. हाताचा आणि होल्डरचा क्लोजअप, नटी भक्कम शिडीवर उभी. चेहऱ्याचा क्लोजअप, नटी जमिनीवर. होल्डरला वीज जोडलेली नसावी. बल्ब पेटतो तो क्षण चौकटीबाहेरचा दिवा लावून साधता येतो.

संकलन आणि शेवटची चाचणी

पहिली जोडणी जवळजवळ नेहमी लांब होते. चार मिनिटं झाली तर काय कापायचं? हात आधी निवडीच्या वीस सेकंदांकडे जातो, कारण तिथे "काही घडत नाही" असं वाटतं. ती वीस सेकंदं सोडा. पहिल्या प्रयत्नातून कापा. स्टूल शोधणं, ठेवणं आणि चढणं यातलं फक्त चढणं ठेवा. मुलाशी झालेल्या शेवटच्या बोलण्यातूनही कापा. माझ्या खर्ड्यात मुलगा नंतर विचारायचा, "दिवा कुणी लावला?" आणि सुमन म्हणायची, "आम्ही दोघींनी." वाक्य मला फार आवडलं होतं. पण प्रेक्षकाने नुकतंच डोळ्यांनी बघितलेलं ते पुन्हा कानात सांगत होतं, म्हणून काढलं. आता फोन परत वाजतो, ती उचलायला वळते, मागे दार उघडं आहे, आणि तिथेच संपतं.

मग लघुपट अशा दोन-तीन जणांना दाखवा ज्यांनी पटकथा वाचलेली नाही. आधी आवाज बंद करून. नंतर तीनच प्रश्न विचारा: तिला काय हवं होतं? ते का मिळत नव्हतं? शेवटी ती काय वेगळं वागली? "कसा वाटला?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "छान" येतं आणि त्याचा उपयोग नसतो.

पहिल्या प्रश्नाला "घर लावायचं होतं" असं उत्तर आलं तर होल्डर पुरेसा दिसला नाही, त्याचा क्लोजअप आणखी दोन सेकंद लांबवा. दुसऱ्याला "उंची कमी पडत होती" एवढंच आलं तर सुरुवातीचा नकार निसटला आहे. दार लावल्यावर शेजारच्या मुलीचा, बंद दारासमोर क्षणभर थांबलेला शॉट घाला. तिसऱ्या प्रश्नाला कधी कधी वेगळंच उत्तर येतं: "ती दार लावायला विसरली." हे उत्तर आलं तर बदल अपघात वाटतोय. त्यावर एक छोटा शॉट लागतो, आणि तो आधीच घेऊन ठेवा, कारण नंतर ती खोली मिळत नाही. मुलगी गेल्यावर सुमनचा हात सवयीने कडीकडे जातो, कडीवर थांबतो आणि तसाच मागे येतो.